जीवशास्त्रात ५१, गणितात ४२: मुलगी नेमकी कोणत्या विषयात पुढे?

पार्श्वभूमी

बालाघाटच्या डोंगराकडेला असलेल्या तालुक्याच्या गावातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावी-बारावीला गणित शिकवतो. हे प्रकरण अकरावी विज्ञानाच्या एका मुलीचं आहे. ओळख पटू नये म्हणून तिचं नाव, गाव आणि वर्ष लिहीत नाही. गुण तेवढे सविस्तर देतो, कारण सगळा प्रश्न त्यांच्यातच होता.

आमच्याकडे विज्ञान शाखेला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र सगळी मुलं घेतात. गणित ऐच्छिक असतं. दहावीला ज्यांचं गणित बरं होतं तीच मुलं बहुधा ते घेतात, बाकीची त्याऐवजी दुसरा सोपा विषय धरतात. त्या वर्षी जीवशास्त्राच्या पटावर ६६ मुलं होती आणि त्यातल्या २४ जणांनी गणितही घेतलं होतं. ही मुलगी त्या चोविसांपैकी एक.

पहिल्या सत्राची परीक्षा ऑक्टोबरमध्ये बोर्डाच्या साच्यावर झाली, म्हणजे जीवशास्त्राचा लेखी पेपर ७० गुणांचा आणि गणिताचा ८० गुणांचा. ऐन सोयाबीन काढणीचे दिवस असल्यामुळे काही मुलं पेपरलाच आली नाहीत. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे त्याचं काम पडणार आहे.

अडचण

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचे वडील विषय बदलाचा अर्ज लिहूनच आले. गुणपत्रिका घडी करून खिशात ठेवली होती. ती टेबलावर पसरून म्हणाले, "सर, जीवशास्त्रात सत्तरपैकी एक्कावन आहेत. गणितात ऐंशीपैकी बेचाळीस. लेकराला गणित झेपंना. सोडून द्यावं म्हणतो. निस्तं जीवशास्त्र ठिवावं अन् लातूरला नीटचा क्लास लावावा."

हिशेब त्यांनी घरी केला होता. जीवशास्त्रात जवळपास ७३ टक्के, गणितात साडेबावन्न टक्के, म्हणजे वीस टक्क्यांचा फरक. कोणत्याही बापाला हेच दिसलं असतं. मुलगी मागे उभी होती, काही बोलत नव्हती. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "सर, गणित मला आवडतं. पण मार्कच पडत नाहीत तर काय करू?"

हा निर्णय छोटा नव्हता. गणित सोडलं की सीईटीचा भौतिक-रसायन-गणित हा गट बंद होतो आणि त्याबरोबर अभियांत्रिकीची वाटही. जीवशास्त्र सोडलं तर नीट बंद. लातूरला राहायचं म्हणजे क्लासची फी, खोलीभाडं, मेस. एवढं सगळं दोन आकड्यांच्या फरकावर ठरणार होतं.

मला खटकलं ते वेगळंच. तो गणिताचा पेपर मीच काढला होता आणि तो लांबला होता. शेवटचा प्रश्न पुरा करणारी मुलं बोटावर मोजण्याएवढी होती. ज्या पेपरात वर्गातला सर्वांत वरचा गुण ५४ आहे, त्यातले ४२ आणि ज्या पेपरात निम्मा वर्ग पंचेचाळीसच्या आसपास आहे, त्यातले ५१ हे एका तराजूत टाकता येत नाहीत. पण "पेपर अवघड होता" असं नुसतं म्हणून वडिलांचं समाधान कसं होणार? शिवाय मी गणिताचा शिक्षक. माझा विषय मी सोडू देत नाही, असंच त्यांना वाटलं असतं. अर्ज मी ठेवून घेतला आणि आठ दिवस मागितले.

समोर असलेले पर्याय

टक्केवारी तर झालीच होती. ८० आणि ७० हा एकूण गुणांमधला फरक टक्केवारीने मिटतो, पण पेपर सोपा होता की अवघड हे तिला कळत नाही. इथे नेमका तोच फरक मोठा होता.

दुसरा मार्ग क्रमांकाचा. जी मुलं दोन्ही पेपरांना बसली त्यांच्यात ती गणितात चौथी होती आणि जीवशास्त्रात आठवी. पालकांना हे लगेच समजतं आणि कुठल्याही सूत्राशिवाय काढता येतं. पण क्रमांकाच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. जीवशास्त्रात तिच्या वर ५२ गुणांवर दोन मुलं होती. तिला एकच गुण जास्त मिळाला असता तर ती आठवीवरून एकदम त्या दोघांच्या बरोबरीने सहाव्या जागी गेली असती. गणितात मात्र तिला दोन जागा वर जायला ४२ वरून ४७ गाठावे लागले असते. जिथे मुलं दाटीने बसलेली असतात तिथे क्रमांक उगाच उड्या मारतो.

तिसरा मार्ग झेड गुणांकाचा. मुलाच्या गुणांतून वर्गाची सरासरी वजा करायची आणि जे उरेल त्याला वर्गाच्या प्रमाण विचलनाने भागायचं. प्रमाण विचलन म्हणजे वर्गाचे गुण सरासरीपासून साधारण किती अंतरावर पसरले आहेत, त्याचं माप. भागाकार १ आला तर मूल सरासरीच्या एक 'पसरण' वर आहे, उणे आला तर सरासरीच्या खाली. त्यात ना ८० उरतात ना ७०, आणि पेपर सोपा की अवघड हेही बऱ्याच अंशी निघून जातं, कारण अवघड पेपरात सगळ्यांचीच सरासरी खाली येते.

मी तिसरा धरला आणि क्रमांक पडताळणीसाठी सोबत ठेवला.

पहिला हिशेब आणि त्यातली खोट

कार्यालयातून गुणांची एक्सेल फाईल घेतली. सूत्रं तीनच होती, पहिली दोन C69 आणि C70 या रकान्यांत:

```
=AVERAGE(C2:C67)
=STDEV.P(C2:C67)
=(51-C69)/C70
```

जीवशास्त्राची सरासरी आली ४०, प्रमाण विचलन १५.२८. मुलीचा झेड गुणांक ०.७२. गणिताची सरासरी २६.६७, प्रमाण विचलन १५.०१ आणि झेड १.०२. गणित पुढे. मला हवं ते उत्तर आलं होतं, त्यामुळे मी तिथेच थांबलो असतो तर नवल नव्हतं.

थांबवलं जीवशास्त्राच्या मॅडमनी. त्यांना आकडे दाखवले तर म्हणाल्या, "माझ्या पेपरची सरासरी चाळीस? शक्यच नाही. पेपर सोपा होता, निम्मी मुलं पंचेचाळीसच्या आसपास आहेत. अन् हे पंधरा कशाचं?" त्यांचा पंधरावरचा आक्षेप फार नेमका होता. साधारण वर्गात बहुतेक मुलं सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन प्रमाण विचलनांच्या आत सापडतात. ४० मधून ३० वजा केले की १०, मिळवले की ७०. म्हणजे जीवशास्त्राचे गुण १० पासून थेट ७० पर्यंत पसरलेले असायला हवे होते. प्रत्यक्षात सर्वांत कमी गुण २२ होते आणि सर्वांत जास्त ६२. आकडा वर्गाशी जुळत नव्हता.

फाईल वरून खाली बोट ठेवून वाचली तेव्हा सहा ठिकाणी शून्य दिसलं. ती सहा मुलं पेपरला आलेलीच नव्हती. हजेरीच्या कागदावर 'गैरहजर' असं लिहिलेलं होतं, फाईलमध्ये भरताना त्या जागी 0 पडलं. एक्सेलमध्ये रकाना रिकामा ठेवला किंवा त्यात अक्षरं लिहिली तर सरासरी काढताना तो सोडून दिला जातो. शून्य मात्र खरा गुण म्हणून मोजलं जातं. गणितातही तशी चार शून्यं होती.

ती काढल्यावर जीवशास्त्राची सरासरी ४४ झाली आणि प्रमाण विचलन १५ वरून ९ वर आलं. मुलीचा झेड ०.७२ चा ०.७८ झाला, गणितातला १.०२ चा १.००. तिच्यापुरता फारसा फरक पडला नाही. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. शून्यांमुळे सरासरी खाली येते आणि मूल जास्त पुढे दिसतं. पण त्याच शून्यांमुळे पसरणही फुगते आणि ते पुढेपण छोटं दिसतं. वरच्या मुलांच्या बाबतीत हे दोन दोष एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात, म्हणून चूक झाकली जाते.

मधल्या मुलांच्या बाबतीत ती झाकली जात नाही. त्याच वर्गात ४२ गुणांचा एक मुलगा होता. शून्यं धरून त्याचा झेड अधिक ०.१३ येत होता, म्हणजे सरासरीच्या किंचित वर. शून्यं काढल्यावर तो उणे ०.२२ झाला, म्हणजे खाली. पालकसभेत त्याच्या आईला "सरासरीच्या वर आहे, काळजी करू नका" असं आम्ही सांगून बसलो होतो. त्यांना मी नंतर बोलावून घेतलं आणि चूक सांगितली. ते सोपं गेलं नाही, पण सांगणं भाग होतं.

कोणाशी तुलना करायची?

या प्रकरणातला खरा निर्णयाचा क्षण हा. १.०० आणि ०.७८ यांची तुलना करायला बसलो आणि लक्षात आलं की हे दोन आकडे दोन वेगळ्या वर्गांशी मोजलेले आहेत. गणितातला १.०० हा पेपरला आलेल्या वीस मुलांमधला. जीवशास्त्रातला ०.७८ हा साठ मुलांमधला. आणि गणित घेणारी ती वीस मुलं एकंदरीतच अभ्यासात पुढची. त्या वीस जणांची जीवशास्त्राची सरासरी ४८ निघाली, उरलेल्या चाळीस जणांची ४२.

म्हणजे मुलगी गणितात निवडक गटाशी झुंजत होती आणि जीवशास्त्रात सगळ्यांशी. तिथे ती जास्त पुढे दिसणारच होती. एकाच मुलाचे दोन विषय ताडायचे तर दोन्हीकडे समोरची मुलं तीच हवीत. म्हणून दोन्ही पेपर दिलेली वीस मुलं घेतली आणि हिशेब पुन्हा मांडला, या वेळी हाताने, कारण मुलीलाही तो समजून घ्यायचा होता.

गणिताचे वीस गुण असे होते: ५४, ४७, ४३, ४२, ३९, ३७, ३६, ३५, ३४, ३३, ३१, ३०, २९, २८, २६, २४, २२, २०, १७, १३. बेरीज ६४०, भागिले २०, सरासरी ३२. मग प्रत्येकाचं सरासरीपासूनचं अंतर घेतलं. ५४ वाला २२ ने वर, १३ वाला १९ ने खाली, ही स्वतः १० ने वर. अंतरं तशीच मिळवली तर बेरीज शून्य येते, कारण वरचे आणि खालचे एकमेकांना फेडतात. म्हणून त्यांचे वर्ग करायचे: २२ चे ४८४, १९ चे ३६१, तिच्या १० चे १००. सगळ्या वर्गांची बेरीज १९९४ आली. तिला २० ने भागून ९९.७ आणि त्याचं वर्गमूळ ९.९८, म्हणजे धरून चाला १०.

तिचा गणितातला झेड: ४२ वजा ३२, भागिले १०, बरोबर १.

त्याच वीस मुलांचे जीवशास्त्राचे गुण ३७ ते ५९ च्या दरम्यान होते. सरासरी ४८, प्रमाण विचलन ६. तिचा झेड: ५१ वजा ४८, भागिले ६, बरोबर ०.५.

इथे भागायचं २० ने की १९ ने, असा प्रश्न सांख्यिकी शिकलेले वाचक विचारतील. हीच वीस मुलं म्हणजे आपला पूर्ण गट, त्यातून बाहेरच्या कोणाचा अंदाज बांधायचा नाही, म्हणून २० ने. एक्सेलमध्ये `STDEV.P` म्हणजे हेच. `STDEV.S` वापरलं असतं तर गणिताचं प्रमाण विचलन १०.२४ आलं असतं आणि निष्कर्ष तसाच राहिला असता. दोन्ही विषयांना एकच सूत्र लावलं म्हणजे झालं.

तर टक्क्यांत वीसने मागे असलेलं गणित या मापाने जीवशास्त्राच्या दुप्पट पुढे होतं. वहीवर हा आकडा लिहिल्यावर मुलीने पेन खाली ठेवलं आणि गुणपत्रिका पुन्हा उलगडून पाहिली.

तीन गुणांनी काय होतं

मी तेव्हाच वडिलांना निरोप धाडणार होतो. मॅडमनी पुन्हा अडवलं. त्यांचं म्हणणं होतं की जीवशास्त्राच्या दीर्घोत्तरी प्रश्नात आज तपासलेला पेपर उद्या तपासला तर दोन-तीन गुण इकडेतिकडे होतात. आकृतीला नावं किती दिली, उत्तर मुद्द्यांत लिहिलं की सलग, यावर ते ठरतं.

म्हणून आम्ही ते करून पाहिलं. जीवशास्त्रात तिला तीन गुण जास्त धरले: ५४ वजा ४८, भागिले ६, झेड १. गणितात तीन कमी धरले: ३९ वजा ३२, भागिले १०, झेड ०.७. चित्र उलटं झालं, जीवशास्त्र पुढे. सरासरीही कणभर हलेल, पण तेवढ्याने उत्तर बदलत नाही.

तेच तीन गुण जीवशास्त्रात अर्धी पसरण हलवतात आणि गणितात जेमतेम तीन दशांश. जिथे मुलं दाटीने बसलेली असतात त्या पेपरात तपासणीतली छोटी चूकही झेडमध्ये मोठी होऊन दिसते. एका परीक्षेतल्या ०.५ च्या फरकावर मुलीचं वर्ष ठरवणं हे वीस टक्क्यांच्या फरकावर ठरवण्यापेक्षा थोडंच बरं ठरलं असतं.

मग आधीच्या दोन घटक चाचण्या काढल्या, प्रत्येकी २५ गुणांच्या. त्याच वीस मुलांवर तोच हिशेब केला. पहिल्या चाचणीत गणितात तिला १५, सरासरी १२, प्रमाण विचलन ४, म्हणून झेड ०.७५. जीवशास्त्रात १८, सरासरी १७, प्रमाण विचलन ३, म्हणून ०.३३. दुसऱ्या चाचणीत गणित पुन्हा ०.७५ आणि जीवशास्त्र ०.६७, म्हणजे जवळजवळ बरोबरी.

तीन परीक्षांचं सरळ मध्यम काढलं तर गणित ०.८३ आणि जीवशास्त्र ०.५ येतं. पण त्या सरासरीपेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. तिन्ही वेळा गणित एकदाही मागे नव्हतं. "गणितात फार पुढे आहे" असं म्हणण्याएवढा पुरावा आमच्याकडे नव्हता. "गणितात कच्ची आहे" हे मात्र नक्की चूक होतं, आणि वडिलांचा अर्ज तर त्याच एका समजुतीवर उभा होता.

वडिलांशी बोलणं

पहिल्यांदा मी चुकलो. वही उघडून सरासरी, प्रमाण विचलन, झेड असं सांगत गेलो. ते ऐकत होते, मान हलवत होते, पण डोळ्यांत काही उमटत नव्हतं. शेवटी म्हणाले, "सर, ते तुमचं खरं असंल, पण मार्क तर कमीच हायेत ना?"

मग शेतावर आलो. "तुमच्याकडं सोयाबीन एकरी किती झालं?" "आठ क्विंटल." "आणि तूर गेल्या साली?" "पाच." "मग तुरीनं दगा दिला म्हणायचा?" ते हसले. "असं कसं? तूर एकरी पाच म्हणजे चांगलीच की. शिवारात लोकायला तीन-साडेतीनच झाली." "आणि सोयाबीन शिवारात?" "सोयाबीन समद्यालाच सात-साडेसात होतं."

सरासरीचा मुद्दा त्यांनीच सांगून टाकला होता. पसरण राहिली होती. मी विचारलं, "समजा शिवारात सगळ्यांना तूर तीन ते चारच्या मधे झाली, तर तुमचे पाच कसे?" "लई भारी." "आणि कुणाला एक, कुणाला सहा, असं वरखाली असंल तर?" थोडा वेळ थांबून म्हणाले, "मग पाचात काय मोठं नाही. बरं हाय इतकंच." यापुढे झेड हा शब्द मला वापरावाच लागला नाही. त्यांनीच विचारलं, "म्हणजे गणिताच्या शिवारात आमची पोरगी वर हाय?" मी म्हणालो, "वर आहे. जीवशास्त्राच्या शिवारातही वर आहे, पण गणितात जरा जास्त."

त्यांचा पुढचा प्रश्न फार चांगला होता. "सीईटीला जो पर्सेंटाइल येतो तो हाच का?" तो हा नव्हे, पण अडचण तीच सोडवतो. सीईटी अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो आणि एखादा अवघड निघतो. म्हणून तिथे कच्चे गुण न ताडता, त्याच सत्रातल्या किती टक्के मुलांचे गुण तुमच्याएवढे किंवा तुमच्यापेक्षा कमी आहेत ते पाहतात. ती रांगेतली जागा आहे, अंतराचं माप नाही. हजारो मुलं असतात तेव्हा ती जागा भक्कम असते. वीस मुलांच्या वर्गात एका गुणाने ती कशी उडी मारते ते वर आलंच आहे.

एक गोष्ट मी त्यांना दोनदा सांगितली. हा सगळा हिशेब आपल्या वर्गातला आहे. या वीस मुलांत ती वर आहे याचा अर्थ राज्याच्या परीक्षेत ती वर असेलच असा नाही. आणि ८० पैकी ३८ गुण तिचे गेलेच आहेत. झेड कितीही चांगला असला तरी ते परत येत नाहीत.

काय ठरलं, पुढे काय झालं

विषय बदलाचा अर्ज त्यांनी परत नेला. दोन्ही विषय निदान अकरावी संपेपर्यंत ठेवायचे आणि लातूरच्या क्लासचा निर्णय तेव्हाच घ्यायचा, असं ठरलं.

त्या ३८ गुणांसाठी मी तिची उत्तरपत्रिका घेऊन बसलो. निश्चयकांचे प्रश्न जवळजवळ पूर्ण बरोबर होते. त्रिकोणमितीतल्या सिद्धतांमध्ये ती दोन-तीन ओळी बरोबर लिहून थांबत होती, कुठलं सूत्र लावायचं ते सुचत नव्हतं. सरळ रेषेवरचे दोन प्रश्न तिला वेळच पुरला नाही म्हणून कोरे होते. त्यातला वेळेचा दोष माझ्या पेपरचा, सिद्धतांचा तिचा. पुढचे तीन महिने दर शनिवारी तास संपल्यावर ती आणि आणखी चार मुलं त्रिकोणमितीसाठी थांबत.

दुसऱ्या सत्राच्या परीक्षेला ती वीसच्या वीस मुलं बसली. गणितात तिला ५०, सरासरी ३७, प्रमाण विचलन १०, झेड १.३. जीवशास्त्रात ५३, सरासरी ४९, प्रमाण विचलन ६, झेड ०.६७. चौथ्यांदा गणित पुढे, आणि या वेळी फरक दोन्ही पेपरांत तपासणीतले दोन-दोन गुण इकडेतिकडे झाले तरी पुसला जाणारा नव्हता. टक्क्यांत पाहिलं तर जीवशास्त्र अजूनही पुढेच होतं.

बारावीला तिने दोन्ही विषय ठेवले. अभ्यासाचा जास्त वेळ गणिताला द्यायचा हे तिने स्वतः ठरवलं. लातूरच्या क्लासचे पैसे घरात राहिले. शेवटी वाट कोणती धरायची यावर आई-वडिलांचं आणि तिचं एकमत झालेलं नव्हतं, पण आता बोलणं "झेपतं की नाही" यावर होत नसे, काय व्हायचं आहे यावर होई.

पुन्हा करायचं तर वेगळं काय

गुणपत्रिका मुलांच्या हातात देतानाच तिच्यावर वर्गाची सरासरी छापायला हवी होती. तो एक रकाना असता तर बापाला घरी टक्के काढून असा धसका बसला नसता. आता आम्ही तो छापतो. प्रमाण विचलन छापत नाही, कारण समजावल्याशिवाय ते कोड्यासारखं दिसतं. ते शिक्षकांच्या नोंदवहीत असतं.

गैरहजर मुलाच्या रकान्यात आता AB लिहितात. सरासरी काढण्याआधी सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त गुण डोळ्यांनी पाहायचे, आणि सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन प्रमाण विचलनं मोजून तिथे खरी मुलं आहेत का ते बघायचं, हे मॅडमनी आम्हाला लावलेलं वळण आहे.

साठ मुलांचा ०.७८ मी जवळजवळ तसाच वापरला होता. गट एकच हवा, हे सूत्राच्याही आधी ठरायला हवं होतं. आणि माझा पेपर लांबला नसता तर पसरणही वेगळी आली असती. जिथे शेवटच्या प्रश्नापर्यंत बहुतेक कोणी पोहोचतच नाही, तिथे गुण गणित येतं की नाही यावरून कमी आणि लिहिण्याच्या वेगावरून जास्त पसरतात. तिच्या १.०० मध्ये वेगाचा वाटा किती होता ते मला आजही वेगळं काढता येणार नाही. दुसऱ्या सत्राचा पेपर मी आधी स्वतः घड्याळ लावून सोडवला आणि मगच छापायला दिला.